संवादावरचा हॉर्न पुसताना

स्पेक्ट्रोग्राममध्ये आवाज चित्रासारखा दिसतो: आडवा काळ, उभी कंपनसंख्या. गाडीचा हॉर्न साधारण ४०० ते ५०० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो आणि त्याच्या पटींत वर सरळ, सारख्या अंतराच्या रेघा उमटतात. बोलण्याच्या रेघा मात्र स्वराच्या चढउताराप्रमाणे लहरतात, म्हणून दोन्ही ओळखता येतात. गाडी समोरून निघून जाताना हॉर्नच्या रेघा खाली झुकतात; निवडही तशीच तिरकी करावी लागते.

आयझोटोप आरएक्ससारख्या साधनात प्रत्येक रेघ ब्रशने अरुंद निवडून Attenuate वापरतात. दिशा उभी ठेवली, की रेघेच्या वरखालचा आवाज पाहून ती तेवढ्यापुरती दबते. पूर्ण पट्टा एकदम निवडण्याचा मोह टाळलेला बरा. शब्दही त्यातच जातो. रेघ स्वराच्या रेघेवर बसली असेल, तर थोडा हॉर्न राहू द्यावा. जास्त ओढल्यास आवाज पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा होतो.

कुत्र्याचं भुंकणं आखूड, पण रुंद पट्ट्यात पसरलेलं असतं. ते दोन शब्दांच्या मधे आलं, तर त्या जागी खोलीची शांतता भरता येते. शब्दावरच आलं, तर दुसऱ्या टेकमधला तोच शब्द घेणं सोपं.