स्क्रीनशॉटवरून महिन्याचा हिशेब

यूपीआय ॲपमधल्या व्यवहारांची यादी लांबलचक असते. महिन्याचे स्क्रीनशॉट काढायचे तर चार-पाच सहज होतात. त्यातले आकडे सरळ बेरजेला घेतले, की खर्च फुगलेला दिसतो.

एक उदाहरण घेऊ. सप्टेंबरच्या चार स्क्रीनशॉटमधल्या सगळ्या रकमांची बेरीज १८,४६० रुपये आली. यादी वर सरकवताना आधीच्या स्क्रीनशॉटच्या तळाच्या ओळी पुढच्याच्या माथ्यावर पुन्हा येतात. अशा तीन ओळींचे १,३४५ रुपये दुसऱ्यांदा धरले गेले होते. (एक ओळ मुद्दाम सामाईक ठेवावीच, म्हणजे मधले काही सुटले नाही याची खात्री पटते.) पण सारखी रक्कम दिसली की खोडायची, असेही करू नये. एकाच टपरीवर सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस रुपये दिलेले असू शकतात. शंका आली तर ॲपमध्ये तो व्यवहार उघडावा. आत बारा अंकी यूटीआर क्रमांक असतो. तो वेगळा तर व्यवहार वेगळा.

आता बाकीची छाटणी. मोबाइलचे ८९९ रुपयांचे रिचार्ज एकदा फसले आणि पुन्हा केले; फसलेली ओळ वगळायची. आपल्याच दुसऱ्या खात्यात टाकलेले ५,००० हा खर्चच नव्हे. परत केलेल्या शर्टाचे ६५० रुपये जमा झाले होते. ही ओळ बेरजेत चुकून मिळवली गेली, म्हणून ती काढायचीच. शिवाय कपड्यांच्या १,२४७ मधून ६५० वजा करून तिथे ५९७ धरायचे. म्हणजे ६५० दोनदा वजा होतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. उरले ९,९१६ रुपये.

वर्गवारी करताना खरी अडचण नावांची. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडवर दुकानाऐवजी त्याचे स्वतःचे नाव असते, आणि महिनाअखेरीला ते कोण हे आठवत नाही. त्यामुळे पैसे देतानाच टिपणाच्या जागी ‘भाजी’ लिहिलेले बरे. इथे किराणा-भाजी ४,१३०, पेट्रोल-प्रवास २,०५०, वीज-मोबाइल १,८९९, बाहेरचे खाणे १,२४० आणि कपडे ५९७ अशी विभागणी झाली. वर्गांची बेरीज पुन्हा ९,९१६ यायलाच हवी. नाही आली तर एखादी ओळ दोन वर्गांत गेली किंवा कुठेच गेली नाही.

शेवटी बँकेचे स्टेटमेंट समोर ठेवावे. यूपीआय लाइटमधून दिलेले छोटे पैसे त्यात एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. भरलेली रक्कम आणि त्यातून केलेला खर्च, दोन्ही धरू नका. आणि रोख, कार्ड किंवा दुसऱ्या ॲपवरून गेलेले पैसे या स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, ते वेगळे मिळवा.