चाँदरातीची घाई आणि मुरायला ठेवलेली खुशबू

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मुंब्रा, राबोडी, कल्याणचा दूधनाका इथल्या बाजारात अत्तराच्या बाटल्या उघडू लागतात. नमाजासाठी बरेच जण अल्कोहोल नसलेलं तेलाचं अत्तर मागतात. तरुणांना मात्र स्प्रे हवा असतो, तोही डोळ्यांदेखत मिसळून. अशी बाटली घरी नेऊन हुंगली की नाकात सुई टोचल्यासारखी होते. दुकानदाराने फसवलं असं वाटतं. पुष्कळदा मामला एवढाच असतो की मिश्रण अजून मुरलेलं नसतं.

या तिखटपणाची कारणं दोन. पहिलं म्हणजे अल्कोहोल. ते झपाट्याने उडतं आणि उडताना हलके, तीव्र वास सोबत घेऊन नाकावर आदळतं. बाटली कितीही जुनी झाली तरी हे थोडंफार होतंच, म्हणून स्प्रे मारल्यावर मिनिटभर थांबून हुंगावं. दुसरं कारण वेळेने निवळणारं आहे. सुगंधातले अल्डिहाइड नावाचे घटक एकेकटे असताना बोचरे लागतात. अल्कोहोलमध्ये राहिल्यावर त्यांचा काही भाग हळूहळू त्याच्याशी जोडला जातो आणि धार कमी होते. मोगऱ्याच्या वासात मिथाइल अँथ्रानिलेट असतं. त्याची गाठ हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल या अल्डिहाइडशी पडली की दोघांपासून ऑरँटिऑल हा जड, गोड वासाचा नवा पदार्थ तयार होतो. मिश्रण पिवळं, मग केशरी होत जातं. ते बिघडल्याची ही खूण नव्हे, उलट काम सुरू असल्याची आहे.

आता हिशेब शंभर ग्रॅमचा. १५ ग्रॅम सुगंधी मिश्रण, ८० ग्रॅम सुगंधी द्रव्यांसाठीचं अल्कोहोल आणि ५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर. प्रथम नुसतं मिश्रण गडद रंगाच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत आठवडाभर ठेवायचं. त्यातले अर्क आणि स्फटिक या काळात एकमेकांत विरघळतात. मग अल्कोहोल घालून तीन आठवडे अंधाऱ्या कपाटात. कल्याण-डोंबिवलीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची किंवा खिडकीतली जागा नको. अधूनमधून बाटली हलकेच फिरवावी, रोज उघडून हुंगू नये. आत शिरलेली हवा लिंबू-संत्र्याच्या तेलांना आधी खाते आणि मग टर्पेंटाइनसारखा वास येतो. अर्धी रिकामी बाटली म्हणूनच वाईट.

तीन आठवड्यांनी पाणी थेंबाथेंबाने घालायचं. दुधाळपणा आला आणि राहिला, तर थांबून थोडं अल्कोहोल वाढवायचं. नंतर बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये, पण बूच अगदी घट्ट हवं, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते. गारव्यात फुलांच्या अर्कातलं मेण धाग्यांसारखं दिसू लागतं. गाळायचं ते गार असतानाच, फिल्टर पेपरमधून. बाटली कोमट होऊ दिली की मेण परत विरघळतं, कागदातून निघून जातं आणि पुढे थंडीत पुन्हा साका धरून स्प्रेची नळी तुंबवतं. आणि हे काम इफ्तारची भजी तळणाऱ्या शेगडीजवळ तर नकोच.

दिवस मोजले तर एक आठवडा, तीन आठवडे आणि वर दोन दिवस, म्हणजे तीस. रमजान मात्र एकोणतीसचाही असतो. तेव्हा ईदसाठीची बाटली शाबानच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करायला हवी.

मुरलं की नाही, हे ठरवताना नाक दगा देतं. दिवसभर तेच हुंगणाऱ्याला काहीही सौम्य वाटू लागतं. सुरुवातीचं मिश्रण चमचाभर वेगळं, घट्ट बंद करून ठेवावं. तीन आठवड्यांनी त्यातलं थोडं त्याच प्रमाणात ताज्या अल्कोहोलमध्ये मिसळून, दोन कागदी पट्ट्यांवर जुनं आणि नवं शेजारी शेजारी हुंगावं. फरक जाणवला नाही तर आणखी ठेवून फार काही पदरात पडत नाही. प्रमाणच चुकलेलं मिश्रण वर्षभर ठेवलं तरी सुधारत नाही. तिखट भाग निवळतो, पण जास्त पडलेली लवंग जास्तच राहते.

तेलाच्या अत्तरात अल्कोहोल नसल्याने त्याच्याशी होणारी जोडणी नाही, मात्र मोगऱ्याची ती दुसरी क्रिया तिथेही होते. कन्नौजच्या देग-भपक्यात उतरवलेलं अत्तर पूर्वापार चामड्याच्या कुप्पीत ठेवतात. ऊर्ध्वपातनात राहिलेला पाण्याचा अंश चामड्यातून बाहेर पडतो आणि तेल मागे उरतं. काचेच्या बाटलीत हे होत नाही, म्हणून पाणी राहिलेलं अत्तर काचेत गढूळ दिसतं.

चाँदरातीला मिसळलेला स्प्रे हाती आलाच, तर तो कुर्त्यावर मारून दहा मिनिटं वाऱ्यावर टांगावा. उरलेली बाटली अंधारात ठेवली तर बकरी ईदपर्यंत तिला दोन महिन्यांहून अधिक काळ मिळतो.