भिंत नसलेला जंतु

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील नववीचा एक विद्यार्थी खोकूं लागला. खोकला कोरडा व सारखा. ज्वर होता, पण तो १०१ अंशांच्या वर गेला नाहीं. मुलगा अंथरुणाला खिळलेला नव्हता; जेवत होता, हिंडतफिरत होता. डॉक्टरांनीं अमॉक्सिसिलीन हें पेनिसिलीनच्या कुळांतील औषध पांच दिवस दिलें. उतार पडला नाहीं. मग छातीचें क्ष-किरण-चित्र काढलें, तेव्हां मुलाच्या हिंडण्याफिरण्यावरून कोणीं कल्पनाही केली नसती एवढा मोठा डाग फुप्फुसांत दिसला. घशांतील स्रावाची परीक्षा झाली व मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये नांवाचा जंतु सांपडला. औषध बदलून ॲझिथ्रोमायसिन दिलें, आणि तीन दिवसांत ज्वर उतरला. खोकला मात्र महिनाभर रेंगाळला.

ही हकीकत वर्गांत निघाली असतां एकानें विचारलें, "सर, पहिलेंच औषध दुप्पट दिलें असतें, तर चाललें नसतें का?" आम्हीं सांगितलें कीं, दुप्पट काय, दसपट दिलें असतें तरी त्या जंतूला त्याची खबरही लागली नसती. असें कां व्हावें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम पेनिसिलीन काय करतें तें पाहूं. बहुतेक जंतूंच्या देहाला दोन आवरणें असतात. आंत एक अतिशय पातळ पापुद्रा, व त्याच्या बाहेर एक बळकट भिंत. आमच्या लहानपणींचा फुटबॉल ज्यांना आठवत असेल त्यांना हें लगेच कळेल: आंत रबरी ब्लॅडर, बाहेर शिवलेलें चामडें. ब्लॅडरमध्यें हवेचा दाब असतो, आणि तो सोसावयाचें काम चामड्याचें. जंतूच्या देहांत क्षार व इतर द्रव्यें दाटीनें भरलेलीं असल्यामुळें बाहेरचें पाणी सतत आंत शिरूं पाहतें. त्याचा दाब भिंत सोसते, म्हणून जंतु फुटत नाहीं.

ही भिंत म्हणजे शर्करेच्या लांब दोऱ्यांचें एक जाळें आहे. दोऱ्यांना ॲमिनो आम्लांच्या आंखूड फांद्या असतात, व शेजारशेजारच्या फांद्या एकमेकींस जोडण्याचें काम एक विकर करतें. हेंच विकर म्हणजे शिवणाऱ्याची सुई. पेनिसिलीनच्या रेणूची घडण त्या फांदीच्या टोंकाशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं, विकर फांदी समजून त्यालाच पकडतें आणि कायमचें अडकून बसतें. इकडे जंतु वाढत असतो. वाढावयाचें म्हणजे जुनी शिवण थोडी उसवून नवी घालावी लागते. उसवण्याचें काम चालूच राहतें, शिवण्याचें बंद पडतें. भिंत झिरझिरीत होते, पाणी आंत घुसतें, आणि जंतु फुटून मरतो. जो जंतु वाढत नाहीं, स्वस्थ पडून आहे, त्याचें पेनिसिलीन फारसें बिघडवूं शकत नाहीं, तें याचमुळें.

आतां लक्षांत येईल कीं, हें औषध आपणांस कां मारीत नाहीं. मनुष्याच्या पेशींना अशी भिंत नसते, शिवण नसते, म्हणून ती सुई अडविणाऱ्या औषधाला आपल्या पेशींत करावयाचें असें कांहींच नाहीं. (कांहीं माणसांना पेनिसिलीनचें वावडें असतें व तें प्राणावरही बेततें, पण तो प्रकार निराळा.) मायकोप्लाझ्माची गोष्ट नेमकी हीच आहे. त्याला भिंत नाहीं. एवढेंच नव्हे, तर भिंत बांधण्यास लागणारीं जनुकेंही त्याच्याजवळ नाहींत. १९९६ सालीं त्याचीं सर्व जनुकें वाचून झालीं. तीं सातशेंच्या आसपास भरलीं, व त्यांत भिंतीचें साहित्य तयार करण्याची सोय आढळली नाहीं. ज्या कारणानें पेनिसिलीन आपणांस सुखरूप ठेवतें, त्याच कारणानें तें ह्या जंतूलाही सुखरूप ठेवतें.

ही गोष्ट औषधाला निगरगट्ट झालेल्या जंतूंच्या गोष्टीहून भिन्न आहे. स्टॅफिलोकॉकस जातीच्या अनेक जंतूंना भिंत असते, पण ते पेनिसिलीनचा रेणूच तोडून टाकणारें विकर तयार करतात. तेथें औषधांत फेरफार करून तें विकर चुकवितां येतें. मायकोप्लाझ्मानें कसलाच बचाव केलेला नाहीं. बाण मारावयाचा तर लक्ष्यच जागेवर नाहीं. म्हणून पेनिसिलीनचीं भावंडें, सेफॅलोस्पोरिनें वगैरे, कितीही महाग व जोरदार असलीं तरी त्यांची गत तीच.

भिंत नाहीं, तर मग तो स्वतः फुटत कसा नाहीं? एक तर तो आपल्या श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटून राहतो, आणि तेथील ओलावा शुद्ध पाण्यासारखा अळणी नसतो. दुसरें, तो आपल्या पापुद्र्यांत कोलेस्टेरॉल मिसळून त्याला बळकटी आणतो, आणि हें कोलेस्टेरॉल तो स्वतः करीत नाहीं, आपल्या शरीरांतून उचलतो! म्हणूनच प्रयोगशाळेंत त्याला वाढवावयाचें तर घोड्याच्या रक्तांतील रस घालावा लागतो.

ह्या भिंतीच्या अभावानें शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकविलें. १९४४ सालीं अमेरिकेंत मन्रो ईटन ह्यांनीं अशाच न्यूमोनियाच्या रोग्यांचा कफ बारीक गाळणींतून गाळला. सामान्य जंतु गाळणीच्या वर अडकावयाचे. पण गाळून आलेल्या द्रवानेंही प्राण्यांना रोग झाला. तेव्हां हा विषाणु असावा असा समज झाला. वास्तविक आंतला जीव अतिसूक्ष्म तर होताच, शिवाय भिंतीचा ताठरपणा नसल्यानें लवचिकही होता. पेनिसिलीननें गुण येत नाहीं, ही गोष्टही विषाणूच्या कल्पनेला पोषकच वाटली. पण कांहीं दुसऱ्या प्रतिजैविकांनीं तो दबतो, हें त्या कल्पनेंत बसेना. शेवटीं १९६२ सालीं चॅनॉक, हेफ्लिक व बॅरिल ह्यांनीं त्याला जिवंत पेशींवांचून, साध्या आगरावर वाढवून दाखविलें, आणि तो जंतूच असल्याचें ठरलें. गमतीची गोष्ट अशी कीं, अशा आगरांत मुद्दाम पेनिसिलीन घालतात. कफांतले इतर जंतु त्यानें मरतात, आणि हळूहळू वाढणाऱ्या मायकोप्लाझ्माला मोकळें रान मिळतें.

तेव्हां पहिल्या डॉक्टरांना दोष देण्याचें कारण नाहीं. न्यूमोनियाचा नेहमींचा मोठा गुन्हेगार न्यूमोकॉकस. त्याला भिंत आहे, आणि त्याच्यावर अमॉक्सिसिलीन बहुधा चालतें. संशय यावा तो पुढच्या खुणांवरून: शाळकरी वय, कोरडा चिवट खोकला, रोग्याच्या मानानें छातीच्या चित्रांत अधिक बिघाड, आणि एकत्र राहणाऱ्यांत दोनतीन आठवड्यांच्या अंतरानें एकामागून एक पडणारे रोगी. आमच्या वसतिगृहांतही अडीच आठवड्यांनीं शेजारच्या खाटेवरील मुलगा खोकूं लागला, आणि त्या वेळीं कोणी अमॉक्सिसिलीनची वाट पाहिली नाहीं.

ॲझिथ्रोमायसिन भिंतीच्या वाटेला जातच नाहीं. तें जंतूच्या आंत प्रथिनें बनविणाऱ्या रायबोसोमला बिलगतें, आणि रायबोसोम मायकोप्लाझ्मालाही असतात. पण येथें मात्र त्याला खरा बचाव सांपडला आहे. रायबोसोमच्या घडणींतील एकच अक्षर बदललें कीं हें औषध नीट बिलगत नाहीं. जपान व चीन ह्या देशांत असे बदललेले जंतु २००० सालानंतर पुष्कळच पसरले. म्हणून औषध सुरू करून दोनतीन दिवसांत ज्वर उतरला नाहीं, तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाकडे वळतात. तेंही रायबोसोमलाच धरतें, पण दुसऱ्या ठिकाणीं.