पस्तीस पानांचा लेख, सहा ओळींची नोंद

टिपणीयुक्त संदर्भसूचीत लेखाच्या तपशिलाखाली छोटी टिपण लिहायची असते. लेखात काय आहे, त्यावर कितपत विसंबायचे आणि आपल्या कामात त्याचा उपयोग काय, एवढेच तिने सांगायचे. बहुतेक विद्यार्थी पहिल्या प्रश्नातच अडकतात आणि लेखाचा गोषवारा उतरवून मोकळे होतात.

महाराष्ट्रातल्या महिला सरपंचांवर प्रबंध लिहिणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीसमोर राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा 2004चा लेख आहे, असे समजू. तिची नोंद अशी होऊ शकेल:

‘पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या 265 पंचायतींच्या पाहणीतून लेखक दाखवतात की, सरपंचपद राखीव असलेल्या ठिकाणी महिलांच्या गरजांशी, विशेषतः पिण्याच्या पाण्याशी, जोडलेली कामे जास्त झाली. राखीव गावे यदृच्छेने ठरल्याने हा फरक आरक्षणामुळेच पडला, असे म्हणायला आधार मिळतो. मात्र प्रत्येक राज्यातला एकच जिल्हा अभ्यासला आहे. माझ्या तिसऱ्या प्रकरणात पाणीखर्चाची तुलना याच पद्धतीने करता येईल. पण महाराष्ट्रात 2011 पासून निम्मी पदे राखीव आहेत, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही.’

यातले ‘तिसऱ्या प्रकरणात’ हे शब्द सर्वांत मोलाचे. ‘हा लेख माझ्या विषयाला उपयुक्त आहे’ हे वाक्य कुठल्याही लेखाखाली चिकटवता येते. ते दिसले की मार्गदर्शक ओळखतात, उपयोगाचा विचार झालेलाच नाही.