चौघांत एक कुकर

तू सामान घेऊन येशील तेव्हा आम्ही तिघंही क्लासला असू, म्हणून हे लिहून ओट्यावर ठेवतोय. कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आता आपण चौघं झालो. शेगडी दोन बर्नरची आणि कुकर एकच, पाच लिटरचा. स्वयंपाकघरातले आपले बहुतेक नियम त्या कुकरमुळेच पडलेत.

पहिला नियम, ज्याने कुकर लावला त्याने जेवण झाल्या झाल्या तो घासायचा. डाळ उकळताना फेस येतो, तो शिट्टीखालच्या नळीत शिरतो आणि वाळला की तिथेच घट्ट बसतो. मग पुढच्या वेळी वाफेला वाट राहत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी ते उजेडासमोर धरून नळीतून आरपार दिसतंय ना, एवढं रोज बघ. दिसलं नाही तर नळीत पाणी सोडून बारीक काडीने साफ कर. रबराची रिंग धुऊन, पुसून नळाशेजारच्या खिळ्याला अडकवायची. झाकणात तशीच ठेवली तर ती लवकर ढिली पडते. शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने निघतेय असं दिसलं तर समज, रिंग बदलायला झाली. शिट्टी नाही, वाफही नाही आणि पाच-सात मिनिटं उलटून गेली, तर मात्र गॅस बंद कर आणि कुकर पूर्ण निवेपर्यंत हात लावू नकोस. झाकण जोर लावून कधीच उघडायचं नाही.

आता खिचडी. दोघांना पुरेल अशी: एक वाटी कोलम तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन पंधरा मिनिटं भिजत ठेव. कुकरमध्येच दोन चमचे तेल तापव, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, चिरलेला कांदा आणि मूठभर शेंगदाणे घाल. कांदा मऊ झाला की डाळ-तांदूळ घालून मिनिटभर परत. मग मीठ, चमचाभर गोडा मसाला आणि चार वाट्या गरम पाणी. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ आपोआप जिरू दे. चौघांसाठी करताना डाळ-तांदूळ दुप्पट घे, पाणी मात्र सात वाट्याच पुरतं. पाणी वाफेने उडतं, ते चौघांच्या खिचडीत काही दुप्पट उडत नाही. डाळ-तांदळाचा पदार्थ असेल तेव्हा पाण्यासकट कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, फेसाला जागा लागते.

दुसरा नियम उरलेल्या भाताचा, आणि यात मी कुणाचंच ऐकत नाही. तांदळात काही जिवाणूंची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात उघड्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वास बरा येतोय म्हणून भात चांगला, असं यात धरता येत नाही. म्हणून जेवण झालं की भात पसरट डब्यात काढायचा आणि फार तर दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवायचा. रात्रभर कुकरमध्ये राहिलेला भात टाकून द्यायचा, कितीही जिवावर आलं तरी. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने मोकळा करून फोडणीला टाक. लसूण, मिरची, कढीपत्ता, दाण्याचं कूट, वर कोथिंबीर. झाकण ठेवून चांगला वाफाळू दे.

मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. त्या दिवशी पिठलं. एक वाटी बेसनात तीन वाट्या गार पाणी थोडं थोडं घालत कालव, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लसूण, मिरची, कांद्याची फोडणी करून त्यात हे मिश्रण ओत आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा, मग मंद आचेवर पाचेक मिनिटं झाकून ठेव. बेसनाचा कच्चा वास गेला आणि पिठलं चकाकायला लागलं की झालं. भाकरी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात मिळते, पण साडेआठनंतर संपते.

रात्री शेवटी जो ओटा पुसेल त्याने रेग्युलेटर बंद करायचा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नकोस, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद कर आणि बाल्कनीचं दार सताड उघड. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. मग बाहेर येऊन 1906 ला फोन कर.

हिशेबाची वही फ्रिजवर आहे. तेल, डाळ, तांदूळ, सिलिंडर चौघांत. दूध आणि अंडी ज्याची त्याने आणायची. फ्रिजमधला खालचा कप्पा तुझ्यासाठी रिकामा केलाय.