पहिली पायरी कुठे अडखळते?

लोखंडी जिन्याचं फॅब्रिकेशन सुरू होण्याआधी शॉप ड्रॉइंग सल्लागाराकडे तपासणीला येतं. समजा, दोन स्लॅबमधलं अंतर ३३०० मिमी आहे आणि फॅब्रिकेटरने १६५ मिमीच्या २० पायऱ्या दाखवल्या आहेत.

बाजूचे चॅनेल मूळ डिझाइनप्रमाणेच आहेत, म्हणून ‘मंजूर’. कठडा १००० ऐवजी ९०० मिमी दाखवलाय; आकडा लाल शाईने सुधारून ‘नोंदीनुसार मंजूर’.

पायऱ्या मात्र ‘नामंजूर’. खाली ५० मिमी जाडीची फरशी येणार आहे, वरचं लँडिंग उघड्या पत्र्याचंच राहणार आहे. म्हणजे पहिली पायरी ११५ मिमीच उरेल आणि चढणारा तिथेच ठेचकाळेल.

शेऱ्यात नुसतं ‘चूक’ लिहून भागत नाही. ‘उंची तयार फरशीपासून धरा, ३२५० भागिले २०, प्रत्येक पायरी १६२.५ मिमी, ड्रॉइंग पुन्हा सादर करा,’ असं कारणासह लिहावं लागतं.