शब्दामागे किती घ्यावेत?

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारी व्यक्ती दिवसाला २,००० शब्द नीट तपासून देते, असे धरू. महिन्याला २० दिवस म्हटले, तर वर्षाचे ४,८०,००० शब्द. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो, कारण बाराही महिने काम भरलेले नसते. तीन महिने पाव कामच आले, तर उरतात ३,९०,०००. घरखर्च आणि करासाठी वर्षाला ५,४०,००० रुपये हवेत. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, इंटरनेट आणि संगणकाची झीज मिळून आणखी ६०,०००. सहा लाखांना ३,९०,००० ने भागले की शब्दामागे १.५४ रुपये येतात. मंदीचे महिने विसरले, तर सव्वा रुपयाच पुरेसा वाटतो! काही एजन्सी पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांचे पैसे कापतात, तेव्हा दर त्याहून चढाच सांगावा. या हिशेबात सव्वा रुपयाने काम घेणे तोट्याचेच.